बावीस हजार म्हणजे हातात किती? नोकरी बघणाऱ्या धाकट्या भावाला थोरल्याचं पत्र

(आयटीआय झालेल्या चुलत भावाला दोन ठिकाणांहून बोलावणं आलं. त्याला आमच्या प्रतिनिधीने लिहिलेलं पत्र गावोगावच्या पोरांना उपयोगी पडेल म्हणून देत आहोत.)

प्रिय बाळू,

काकांचा फोन आला होता. चाकणला बावीस हजार आणि आपल्या तालुक्याच्या एमआयडीसीत साडेतेरा, मग पोरगं इथं कशाला थांबेल, असं ते म्हणाले. आकडा ऐकला की कुणालाही तसंच वाटणार. पण तुला आलेला मेसेज मी नीट वाचला. त्यात बावीस हजारांपुढे ‘सीटीसी’ लिहिलंय. म्हणजे तुझ्यावर होणारा एकूण खर्च, तुझा पगार नव्हे.

फोड करून बघ. मूळ पगार आणि महागाई भत्ता पंधरा हजार धरला, तर मालकाचा पीएफ बारा टक्क्यांनी १,८०० रुपये. ईएसआयसीचा त्याचा वाटा साधारण ६०० आणि बोनसचे महिन्याला १,२५० हेही त्याच बावीस हजारांत मोजलेले. उरला पगार सुमारे १८,३५०. त्यातून तुझा पीएफ १,८००, ईएसआयसीचे १३८ आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात १६,२००. खोलीत तिघं राहिलात तरी भाडं, मेस आणि येण्या-जाण्याला साडेसहा-सात हजार धर. हाताशी राहतात साधारण साडेनऊ.

आणि हे पैसे आठ तासांचे की बारा तासांचे, हे आधी विचार. जादा तासांना दुप्पट दर असतो. बारा तासांची पाळी लावून ‘ओव्हरटाइम पगारातच आहे’ म्हणणारे ठेकेदार आपल्याच गावातल्या पोरांनी बघितलेत.

इथल्या वर्कशॉपमध्ये साडेतेरातून कापून हातात १३,२००. पेट्रोलला अठराशे गेले तरी अकरा हजारांच्या वर राहतात, जेवण घरचं. पण इथंही एक गोष्ट लपवत नाही. तिथं बाराच माणसं आहेत आणि पीएफची सक्ती वीस माणसांपासून असते, म्हणून पीएफ नाही. चाकणला तुझे आणि मालकाचे मिळून महिन्याला ३,६०० जमा होतील. त्यातले १,२५० पेन्शन खात्यात जातात आणि महिन्याची पेन्शन हवी तर एकूण दहा वर्षं नोकरी भरावी लागते. ईएसआयसी मात्र दोन्हीकडे आहे. तुझ्यावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांचा उपचारही त्यात होतो, पण त्यांची नावं कार्डावर चढवून घ्यावी लागतात. ते काम पोरं राहू देतात, आणि दवाखान्यात गेल्यावर आठवतं.

आता माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट. चाकणच्या गेटवर पाटी मोठ्या कंपनीची असली तरी तू मस्टरवर कुणाच्या असशील? ठेकेदाराच्या. सहा-सात महिन्यांनी ‘ब्रेक’ दिला की दुसऱ्या ठेकेदाराकडे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. नेमणूकपत्रावर मालक म्हणून कुणाचं नाव आहे आणि तुझं पद काय लिहिलंय, ते वाच. तू टर्नर. पत्रावर ‘हेल्पर’ असेल तर दिवसभर मशिनमध्ये जॉब लावणं-काढणं आणि पेट्या भरणं एवढंच वाट्याला येईल. दोन वर्षांनी दुसरीकडे मुलाखतीत विचारतील, ऑफसेट देता येतो का, ड्रॉइंग वाचून सेटिंग करता येतं का, मायक्रोमीटर धरता येतो का. तेव्हा काय सांगशील?

इथल्या मालकाला सरळ विचार: सीएनसीच्या सेटिंगवर मला कधी घेणार? ‘बघू’ म्हणाला तर समज की साडेतेरातही तू हेल्परच. ‘तीन महिन्यांनी सेटरच्या हाताखाली देतो’ म्हणाला, तर तिथं आधी लागलेल्या पोराला बाहेर चहाच्या टपरीवर गाठ आणि तो किती दिवसांनी मशिनवर गेला ते विचार. मालकाच्या बोलण्यापेक्षा माझा त्या पोरावर जास्त भरवसा. त्यानं होय म्हटलं तर माझं मत इथल्याच बाजूचं, निदान दीड-दोन वर्षं.

चाकणचंही तसंच बघ. तिथं लागलेल्या कुणाचीतरी पगाराची चिठ्ठी आणि पीएफचं पासबुक मोबाईलवर बघायला माग. चिठ्ठीत पीएफ कापलाय पण पासबुकात तीन-चार महिने जमाच नाही, असं दिसलं तर तो ठेकेदार सोडून दे. मालकाचा वाटाही कामगाराच्याच पगारातून दुसऱ्यांदा कापलाय का, तेही बघ. तसं करता येत नाही. तू गेलासच तर यूएएन नंबर पहिलाच कायम ठेव. प्रत्येक ठेकेदाराकडे नवा काढलास तर पैसे चार ठिकाणी अडकतील आणि पेन्शनची वर्षंही जुळणार नाहीत.

रुजू होण्याआधी ड्रेस, फॉर्म किंवा डिपॉझिटचे पैसे मागितले तर एक रुपया देऊ नकोस, काकांना उसने काढायला लावू नकोस.

सोमवारी चाकणला जाशील तेव्हा नेमणूकपत्राचा फोटो मला पाठव. सही त्यानंतर कर. मी दुपारी कांद्याला पाणी द्यायला रानात असेन, पण फोन जवळ ठेवतो.

तुझा,
दादा