चित्रातली खोली आणि आपली खोली

आमच्या गटातल्या एका ताईंनी गटाकडून कर्ज घेऊन झोपायच्या खोलीत भिंतीलगत कपाट करायचं ठरवलं. काम घेणाऱ्यानं मोबाइलवर चित्र दाखवलं. कॉम्प्युटरवर तयार केलेल्या अशा चित्राला रेंडर म्हणतात. ऐसपैस खोली, मोठा पलंग, खिडकीतून ऊन. ताई बयाणा द्यायला निघाल्या होत्या. आम्ही म्हटलं, थांबा, आधी फरशा मोजू.

चित्रातली फरशी दोन बाय दोन फुटांची होती, ताईंच्या घरातही तीच. खोली दहा फूट लांब, आठ फूट रुंद. कपाटाला दोन फूट खोली लागतेच, नाहीतर हँगरवरचे कपडे दाराला घासतात. म्हणजे कपाटापासून समोरच्या भिंतीपर्यंत आठ फूट, म्हणजेच चार फरशा दिसायला हव्यात. चित्रात सहा भरल्या. म्हणजे चित्रातली खोली चौदा फुटांची होती!

आता पलंग बघा. चित्रातला पलंग पाच फूट रुंद. तो समोरच्या भिंतीला लांबीनं टेकवला, तर आठातले पाच गेले, उरले तीन फूट. कपाटाचं दार दोन फुटी असेल तर ते उघडल्यावर उभं राहायला एकच फूट उरतो. चार फुटी पलंग आणि दीड फुटी दारं घेतली, तर दार उघडूनही अडीच फूट मिळतात. दारं सरकती केली तर ही अडचणच नाही, पण तेव्हा एका वेळी अर्धंच कपाट उघडतं.

तिसरी गोष्ट उजेडाची. एकच खिडकी असेल तर तिच्याजवळ उजेड जास्त, लांबच्या कोपऱ्यात कमी, आणि दिवसा सगळ्या सावल्या खिडकीच्या उलट बाजूला पडतात. चित्रात चारही कोपरे सारखेच उजळ होते. म्हणजे कॉम्प्युटरमध्ये न दिसणारे दिवे लावलेले. कपाट खिडकीला चिकटून छतापर्यंत नेलं, तर त्या बाजूचा उजेड अडतो, हे अशा चित्रात कळतच नाही.

आम्ही त्या कारागिराला खोलीची मापं लिहून दिली आणि सांगितलं, "कॅमेरा दारात, माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा, भिंतीबाहेर नको. जास्तीचे दिवे बंद करा." नवं चित्र आलं. खोली लहान दिसली, एक कोपरा अंधारा दिसला, पण ती ताईंचीच खोली होती.

तरीही आम्ही अंगणात रांगोळीनं दहा बाय आठचा चौकोन काढला, त्यात कपाट आणि पलंग आखला. ताई त्यात चालून आल्या, कपाटाचं दार उघडल्यासारखं करून वाकून बघितलं. मग चार फुटी पलंग ठरला, कपाट खिडकीपासून लांबच्या भिंतीला गेलं, आणि त्यानंतरच बयाणा दिला.