कंपनीचा पडदा कोर्ट कधी बाजूला करतं? पेटिटसाहेबांच्या चार कंपन्या

रिद्धपूरच्या आपल्या बॅचमध्ये एका भावानं विचारलं, "सर, प्रायव्हेट लिमिटेड काढली म्हणजे धंदा बुडाला तरी घरावर कोणी येत नाही नं?" उत्तर हो पण आहे आणि नाही पण. व्हिडिओत ते घाईत झालं, म्हणून इथं निवांत लिहितो.

आधी एक साफ करून घेऊ. दुकानावर 'अमुक ट्रेडर्स'ची पाटी लावली, जीएसटी नंबर घेतला, उद्यम नोंदणी केली, तरी कायद्यासाठी ते दुकान म्हणजे तुम्हीच. दुकानाची उधारी ती तुमची उधारी. कंपनी नोंदवली की मात्र एक नवीन 'व्यक्ती' जन्माला येते. तिची मालमत्ता तिची आणि कर्जही तिचं. तिच्यात तुमचे शेअर्स असतात, बस.

हे वेगळेपण किती खरं असतं, ते मुंबईच्या श्रीमती बाचा गझदर यांच्या केसमध्ये दिसतं. त्यांचे दोन चहा कंपन्यांत शेअर्स होते आणि त्यावर 2,750 रुपये डिव्हिडंड आला. चहा कंपनीचं 60 टक्के उत्पन्न शेतीचं धरलं जायचं, त्यावर केंद्राचा इन्कम टॅक्स लागत नसे. बाईंचं म्हणणं असं, की कंपनीचं 60 टक्के शेतीचं, तर माझ्या डिव्हिडंडमधलेही 1,650 रुपये शेतीचेच. ऐकायला बरोबर वाटतं. पण 1954 मध्ये सुप्रीम कोर्टानं नाही म्हटलं. मळा कंपनीचा आहे, शेअर घेणाऱ्याचा नाही. तुम्हाला मिळतो तो नफ्यातला वाटा, आणि तो मळ्यातून नाही, शेअरमधून येतो. म्हणजे हा पडदा मालकाच्या फायद्याचा असतो तसाच त्याला आडवाही येतो.

आता दुसरी केस, जिथं कोर्टानं हाच पडदा उचलला. वकील लोक याला 'लिफ्टिंग द कॉर्पोरेट व्हेल' म्हणतात. मुंबई हायकोर्टाची ही केस कायद्याच्या पुस्तकात 1927 सालची म्हणून सापडते. सर दिनशॉ माणेकजी पेटिट, गिरण्यांसाठी नावाजलेल्या घराण्यातले बॅरोनेट. गुंतवणूक मोठी, डिव्हिडंड आणि व्याज भरपूर. त्या काळी मोठ्या उत्पन्नावर 'सुपर-टॅक्स' लागायचा आणि उत्पन्न चढलं की त्याचा दरही चढायचा.

पेटिटसाहेबांनी चार खासगी कंपन्या काढल्या आणि गुंतवणुकीचे गठ्ठे करून एकेका कंपनीच्या नावावर ठेवले. शेअर्स जवळजवळ सगळे त्यांचेच. डिव्हिडंड आला की कंपनीच्या खात्यात जमा व्हायचा, आणि मग कंपनी तेच पैसे साहेबांना 'कर्ज' म्हणून द्यायची.

यात डोकं दोन ठिकाणी लावलेलं आहे. समजा (आकडे माझे, सोपे करून) एका माणसाचं उत्पन्न चार लाख आहे. ते एकत्र राहिलं तर वरच्या दरात जातं, चार ठिकाणी लाख-लाख झालं तर प्रत्येक तुकडा खालच्या दरात बसतो. दुसरी गोष्ट म्हणजे कर्ज. कंपनीनं डिव्हिडंड वाटला असता तर तो साहेबांचं उत्पन्न ठरला असता. कर्ज हे उत्पन्न नसतं, ते परत द्यायचं असतं. कागदावर तरी.

कोर्टानं बघितलं, की ही कंपनी करते काय? धंदा कोणताच नाही. डिव्हिडंड घ्यायचा आणि मालकाच्या हातात ठेवायचा, एवढंच काम. मग निकाल असा दिला, की ही कंपनी केवळ सुपर-टॅक्स टाळायला काढलेली आहे, ती म्हणजे स्वतः पेटिटच, आणि कर्ज हा निव्वळ देखावा. उत्पन्न साहेबांचंच धरलं गेलं.

राजेहो, नीट बघा. सगळे शेअर्स एकाचे होते, म्हणून पडदा उचलला असं झालं नाही. मालकाची कंपनीवर पूर्ण पकड असणं हा गुन्हा नाही. 2014 मध्ये एअर इंडियाच्या कॅन्टीन कामगारांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं हेच सांगितलं : नुसती पकड पुरत नाही, जबाबदारी टाळायला मुद्दाम उभं केलेलं सोंग आहे असं दिसलं पाहिजे. टॅक्स चुकवणं, लोकांना फसवणं, आधी दिलेला करार कंपनीच्या आडून मोडणं, कामगारांचा हक्क कमी करणं, ही त्यातली नेहमीची कारणं. गुजरातमधल्या असोसिएटेड रबर कंपनीनं आपल्याकडचे शेअर्स स्वतःच्याच उपकंपनीला देऊन टाकले, त्यामुळे नफा कमी दिसला आणि कामगारांचा बोनस 16 वरून 4 टक्क्यांवर आला. 1985 मध्ये सुप्रीम कोर्टानं ती उपकंपनी बाजूला सारून हिशोब करायला लावला.

काही ठिकाणी कायद्यानंच पडदा उचलून ठेवलाय. पेटिटसाहेबांची कर्जवाली युक्ती आज घ्या. समजा मोर्शीच्या एका संत्रा व्यापाऱ्याची प्रायव्हेट लिमिटेड आहे, 60 टक्के शेअर्स त्याचे, 40 टक्के बायकोचे. कंपनीत साठलेला नफा सहा लाख. तो मुलीच्या लग्नासाठी पाच लाख 'कर्ज' म्हणून उचलतो. आता मतांचे 10 टक्के किंवा जास्त शेअर्स असलेल्याला अशा कंपनीनं दिलेलं कर्ज, साठलेल्या नफ्याच्या मर्यादेत, डिव्हिडंडच धरलं जातं. म्हणजे पूर्ण पाच लाखांवर त्याला टॅक्स. पुढं परत केले तरी सुटका होईलच असं धरू नका.

दुसरा प्रसंग. बायकोनं तिचे सगळे शेअर्स नवऱ्याच्या नावे केले. प्रायव्हेट कंपनीत किमान दोन सभासद लागतात. एकट्यावर सहा महिन्यांपेक्षा जास्त धंदा चालला आणि त्याला ते माहीत असेल, तर सहा महिन्यांनंतर झालेल्या कर्जाला तो स्वतः जबाबदार. (एकट्यालाच काढायची असेल तर वन पर्सन कंपनी हा प्रकार वेगळा आहे.)

तिसरा जास्त गंभीर. आंबिया बहाराचा माल शेतकऱ्यांकडून उधारीत घेतला, दिल्लीला भाव पडला आणि कंपनी बुडाली. हे धंद्यातलं नुकसान. शेतकऱ्याचं वाईट होतं, तरी व्यापाऱ्याचं घर यात येत नाही. पण पैसे देणं शक्य नाही हे पक्कं माहीत असताना, बुडवायच्याच हेतूनं अजून चार बागा उधारीत तोडल्या, तर कंपनी गुंडाळताना ट्रिब्युनल त्याला वैयक्तिक, आणि कितीही रकमेला, जबाबदार धरू शकतं. फरक हेतूचा आहे. तो कशावरून दिसतो? खात्यात पैसा किती होता आणि ऑर्डर कोणत्या तारखेला दिली, यावरून.

आता त्या भावाच्या प्रश्नावर येतो. आपल्यासारख्यांच्या घरावर येतात तेव्हा बहुतेक वेळा कोणी पडदा उचललेलाच नसतो. बँकेनं कॅश क्रेडिट देताना डायरेक्टरची पर्सनल गॅरंटी घेतलेली असते, वर घर तारण. ती सही तुम्ही स्वतःच्या नावानं केली, तिला कंपनीचा पडदा झाकत नाही. कंपनीचा चेक बाऊन्स झाला तर सही करणाऱ्यावरही फौजदारी केस होऊ शकते. म्हणून पुढच्या वेळी बँकेत जाल तेव्हा गॅरंटीचा कागद मागा. रकमेला मर्यादा लिहिली आहे का आणि बायकोचं नाव त्यात कशासाठी आहे, हे मॅनेजरला विचारूनच पेन उघडा.