तारेचा कोपरा कुठे जातो?

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने मला मोबाइलवर काढलेला गिटारच्या तारेचा व्हिडिओ दाखवला. तार सापासारखी वळवळत होती. "सर, या लाटा बघा!" मी बघितल्या, पण त्या बहुतांशी तारेच्या नव्हत्या, कॅमेऱ्याच्या होत्या. मोबाइलचा कॅमेरा साधारणपणे सगळं चित्र एका क्षणात टिपत नाही, ओळीमागून ओळ टिपतो. पहिली ओळ टिपून शेवटच्या ओळीपर्यंत येईतो तार हललेली असते. खात्री करायची असेल तर मोबाइल आडवा-उभा फिरवून पुन्हा चित्रण करा. वळवळ बदलली, तर ती तारेची नव्हे.

मग खरी तार काय करते? एक मीटर लांबीची तार घेऊ. दोन्ही टोकं पक्की बांधलेली. ती सेकंदाला 100 वेळा कंप पावते. (तंबोरा मुद्दाम घेत नाही. त्याची घोडी रुंद असते, त्यामुळे तार नेमकी कुठे संपते हेच सांगता येत नाही.) मधोमध बोटाने 4 मिलिमीटर उचलली, की तारेचा त्रिकोण झाला. आता बोट सोडा.

आपल्याला वाटतं, सगळा त्रिकोण एकदम खाली बसू लागेल. तसं होत नाही. त्रिकोणाच्या सरळ बाजूवरचा कुठलाही बिंदू घ्या. त्याला डावीकडून जेवढा ताण, तेवढाच उजवीकडून, आणि दोन्ही एकाच रेषेत. मग त्याने हलावं कशाला? ताणांचं जमत नाही ते फक्त कोपऱ्यावर. म्हणून आधी हलतो कोपरा, आणि तोही दुभंगून. एक कोपरा डावीकडे पळतो, एक उजवीकडे, आणि मधे सपाट पठार तयार होतं. पठार खाली उतरत असतं. पलीकडची तार मात्र अजून जागच्या जागी असते. तिला बातमीच पोचलेली नसते.

हाच हिशेब दुसऱ्या रीतीने मांडता येतो. मूळ त्रिकोण म्हणजे 2 मिलिमीटर उंचीचे दोन त्रिकोण, एकावर एक ठेवलेले. सुटल्यावर एक डावीकडे निघतो, एक उजवीकडे. हेच दोन स्पंद. कुठल्याही क्षणी त्यांची बेरीज केली, की तारेचा आकार मिळतो. एका कंपनात स्पंद जाऊन-येऊन दोन मीटर चालतो, आणि त्याला वेळ 1/100 सेकंद. म्हणजे वेग सेकंदाला 200 मीटर.

टोकाशी काय होतं? टोक हलू शकत नाही, म्हणून तिथे बेरीज शून्यच यायला हवी. येणारा स्पंद टोकाला वर उचलू बघतो. त्याला खोडून काढायला तेवढाच खाली जाणारा स्पंद हवा. म्हणून परावर्तित स्पंद उलटा होऊन परततो. 1/400 सेकंदाने प्रत्येक स्पंद अर्धा उलटून आलेला असतो, बेरीज सगळीकडे शून्य, आणि तार अगदी सरळ. पण ती विसावलेली नाही! टोकं सोडली तर ती सगळी सेकंदाला 1.6 मीटर वेगाने खाली चालली आहे. फोटोत ही तार आणि न छेडलेली तार सारखीच दिसेल. आणखी 1/400 सेकंदाने त्रिकोण पुन्हा दिसतो, पण उलटा.

आता माझ्या विषयाकडे येतो. 1747 साली द'अलांबेर यांनी ही दोन स्पंदांची बेरीज गणिताने मांडली. गंमत म्हणजे छेडलेल्या तारेचा त्रिकोणच त्यांना मान्य होईना. समीकरण वक्रतेबद्दल बोलतं, आणि कोपऱ्यावर वक्रता सांगताच येत नाही. ऑयलर म्हणाले, हाताने काढलेली कुठलीही रेषा चालेल. वाद वर्षानुवर्षं चालला.

कोण बरोबर? तारेबद्दल ऑयलर बरोबर होते, पण द'अलांबेर यांची अडचणही खोटी नव्हती. समीकरण एकेका बिंदूला विचारलं, तर कोपऱ्यावर ते गप्प बसतं. तेच तारेच्या छोट्या तुकड्याला विचारा. तुकड्याच्या आत कोपरा असला, तरी त्याच्या दोन टोकांवरचा ताण ठाऊक असतो, आणि त्यावरून तुकड्याचा संवेग किती बदलतो ते कळतं. कोपरा ज्या भागावरून जातो, त्याला जाता जाता 1.6 मीटरचा वेग देऊन जातो. हिशेब चोख जुळतो.

खऱ्या तारेत कोपरा इतका धारदार नसतोच. बोट मऊ असतं, तार थोडी ताठ असते, त्यामुळे कोपरा गोलसर निघतो आणि प्रत्येक फेरीत आणखी बोथट होतो. तरी तो धावतो, टोकाला आपटतो, उलटून परततो. नखाने छेडलेली तार बोटाने छेडलेल्या तारेपेक्षा तीक्ष्ण का वाजते, ते आता तुमचं तुम्हीच सांगू शकाल: नखाचा कोपरा जास्त धारदार असतो.