अर्धशिशी आणि मेंदूतले पांढरे ठिपके

एमआरआयचा रिपोर्ट हल्ली डॉक्टरांच्या आधी पेशंटच्या मोबाइलवर पोचतो. ‘पांढऱ्या भागात ठिपके, बारीक रक्तवाहिन्यांचे बदल असण्याची शक्यता’ एवढं वाचून घरात लकव्याची चर्चा सुरू होते, आणि माझ्याकडे येईपर्यंत कुणीतरी अ‍ॅस्पिरिन सुरू करून दिलेली असते. गेल्या काही वर्षांत हे इतकं वाढलं आहे, की या ठिपक्यांचा इतिहास एकदा सांगावासा वाटतो.

सीटी स्कॅनच्या काळात हा प्रश्न फारसा नव्हता, कारण इतके बारीक ठिपके त्यात दिसतच नसत. पुढे एमआरआय आला आणि ते दिसू लागले. पण खरी खळबळ उडाली ती जानेवारी 2004 मध्ये. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी सर्वसामान्य लोकवस्तीतल्या 295 मायग्रेनग्रस्तांचे आणि 140 निरोगी माणसांचे एमआरआय ताडून पाहिले. मायग्रेन असलेल्या स्त्रियांमध्ये मेंदूच्या खोल पांढऱ्या भागातले ठिपके जास्त आढळले. ज्यांना डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी रेषा चमकतात, त्यांच्यापैकी काहींच्या लहान मेंदूत छोटे, लक्षणं न देणारे इन्फार्क्टही दिसले. अर्धशिशीने मेंदू झिजतो, असा निष्कर्ष अनेकांनी परस्पर काढून टाकला. पुढची आठ-नऊ वर्षं आम्ही त्याच सावटाखाली प्रॅक्टिस केली. परिषदांमध्ये ठिपक्यांच्या स्लाइड्स दाखवल्या जात. ठिपके असलेल्या स्त्रीला पुढे नेमकं काय होतं, याचं उत्तर मात्र कुणाकडे नव्हतं.

ते 2012 मध्ये मिळालं. त्याच माणसांना नऊ वर्षांनी पुन्हा तपासलं गेलं. मायग्रेन असलेल्या स्त्रियांपैकी 77 टक्क्यांमध्ये ठिपके वाढले होते; मायग्रेन नसलेल्यांमध्येही 60 टक्क्यांमध्ये वाढलेच होते. ठिपके वाढण्याचा झटक्यांच्या संख्येशी संबंध दिसला नाही. स्मरणशक्ती आणि विचारशक्तीच्या चाचण्यांतही ठिपक्यांमुळे घसरण आढळली नाही. माझा राग आहे तो इथे. भीती घालणारा पहिला निकाल सगळ्यांच्या लक्षात राहिला, धीर देणारा दुसरा रिपोर्टांच्या भाषेपर्यंत पोचलाच नाही.

परवाचंच उदाहरण घ्या. अडतीस वर्षांच्या एक शिक्षिका, सोळाव्या वर्षापासून अर्धशिशी. रिपोर्टमध्ये सहा-सात ठिपके, ‘मल्टिपल स्क्लेरोसिस नाही याची खात्री करावी’ अशी सूचना, शिवाय कानशिलाच्या आत दोन सेंटिमीटरची सिस्ट. फिल्म पाहिली. ठिपके दोन-तीन मिलिमीटरचे, गोल, कपाळामागच्या भागात विखुरलेले. मल्टिपल स्क्लेरोसिसचे डाग बहुधा लांबट असतात, मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीला चिकटून उभे राहतात, आणि दोन्ही अर्धगोल जोडणाऱ्या पट्ट्यात, मेंदूच्या देठात किंवा मज्जारज्जूतही सापडतात. इथे त्या जागा स्वच्छ होत्या. एका डोळ्याची नजर काही दिवस मंदावली का, हातापायाला मुंग्या किंवा अशक्तपणा दिवसभराहून जास्त टिकला का, हे विचारलं. तसं कधीच घडलं नव्हतं. सिस्टमध्ये निव्वळ पाणी होतं, प्रत्येक प्रकारच्या चित्रात ते मेंदूभोवतालच्या पाण्यासारखंच दिसत होतं. तिचा शेजारच्या मेंदूवर दाब नव्हता. अशी अरॅकनॉइड सिस्ट बहुधा जन्मापासून असते आणि ती अर्धशिशीचं कारण नसते. फिट कधी आली नव्हती, सिस्टभोवती सूज नव्हती, आत ठिपका नव्हता. त्यामुळे आपल्याकडे नेहमी मनात येणारी टेपवर्मची गाठही ही नव्हती.

मग करायचं काय? बाईंचं ब्लडप्रेशर, साखर, कोलेस्टेरॉल तपासलं, कारण वयाच्या मानाने ठिपके जास्त असतील तर खरे गुन्हेगार बहुधा तिथे सापडतात. तंबाखूचं विचारलं. डोळ्यांपुढे रेषा चमकत असत्या, तर इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या टाळायला सांगितलं असतं. अ‍ॅस्पिरिन निव्वळ ठिपक्यांसाठी दिलेली होती, ती बंद केली आणि अर्धशिशीचा नीट उपचार सुरू केला.

या सगळ्यात हरवला तो पेशंटचं बोलणं ऐकण्याचा वेळ. नेहमीच्याच पद्धतीने दुखणाऱ्या, तपासणीत काही न सापडलेल्या अर्धशिशीला स्कॅन लागत नाही, असं अमेरिकन हेडेक सोसायटीने 2013 मध्येच सांगितलं आहे. स्कॅन लागतो तो क्षणात शिगेला पोचलेल्या दुखण्याला, पन्नाशीनंतर पहिल्यांदा सुरू झालेल्या दुखण्याला, सोबत ताप, फिट किंवा अशक्तपणा असेल तेव्हा, किंवा दुखण्याची रीतच बदलली तर.

रिपोर्ट हातात असेल, तर ठिपके किती हे मोजत बसू नका. ते कुठे आहेत, कसे दिसतात आणि माझ्या वयाला साजेसे आहेत का, हे तीन प्रश्न डॉक्टरांना विचारा. त्यांची उत्तरं मिळाल्याशिवाय नवी गोळी सुरू करू नका.