दुखणारी गाठ आणि न दुखणारी गाठ

सर्दी-खोकला ओसरत आलेला असतो. तोंड धुताना जबड्याच्या कोनाखाली बोटाला काहीतरी लागतं. वाटाण्याएवढं, दाबलं की दुखणारं. दोन दिवसांपूर्वी ते तिथे नव्हतं, आणि त्या क्षणापासून मनात कॅन्सर हा एकच शब्द घोळू लागतो.

ही गाठ म्हणजे बहुतेक वेळा सुजलेली लसिका ग्रंथी. अशा काहीशे ग्रंथी शरीरात असतात आणि त्यातल्या जवळपास एक तृतीयांश एकट्या मानेत, कारण नाक, घसा, दात आणि टाळू यांच्याकडून येणारा द्रव गाळण्याचं काम त्यांच्याकडे आहे. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, तोच प्रकार इथे मानेत होतो. घशातले विषाणू ग्रंथीत पोचले की तिथल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने वाढतात. ग्रंथीभोवतीचं पातळ आवरण त्यामुळे एकाएकी ताणलं जातं आणि गाठ दुखते.

म्हणजे दुखणं हे इथे बऱ्यापैकी चांगलं लक्षण आहे. आपण मात्र उलटं वागतो. दुखणाऱ्या गाठीने रात्रभर जागतो आणि न दुखणारी गाठ ‘त्रास तर काही नाही’ म्हणून महिनोन् महिने अंगावर काढतो. कॅन्सरची किंवा क्षयाची गाठ सहसा हळूहळू वाढते, त्यामुळे आवरणाला ताण सोसायला वेळ मिळतो. अशी गाठ सुरुवातीला फारशी दुखत नाही.

समजा, तिशीतल्या एका शिक्षिकेला सर्दीच्या चौथ्या दिवशी उजव्या जबड्याखाली अशी गाठ लागली. तिने मान किंचित त्याच बाजूला झुकवावी, म्हणजे स्नायू सैल पडतो, आणि चिमटीत न धरता बोटांच्या पेरांनी हलकेच चाचपावं. गाठ सेंटिमीटरभराच्या आत आहे, मऊसर आहे, बोटाखाली सरकते आणि दुखते. घशातल्या टॉन्सिलचा द्रव गाळणारी ग्रंथी नेमकी याच जागी असते. ती तर दीड सेंटिमीटरपर्यंत वाढली तरी चालते. आता तिने आठवड्यातून एकदाच हात लावायचा. दिवसातून वीस वेळा दाबलेली गाठ त्या दाबण्यानेच दुखत राहते. आठ-दहा दिवसांत दुखणं जातं, दोन ते चार आठवड्यांत गाठ आक्रसते. कधीकधी छऱ्यासारखा बारीक कण पुढे कित्येक महिने हाताला लागत राहतो. तो वाढत नसेल तर त्याची काळजी नको. सर्दीच्या गाठीला अँटिबायोटिकही लागत नाही. मात्र वरची कातडी लाल आणि गरम झाली, गाठ भराभर मोठी होऊ लागली, तर आत पू होत असू शकतो. मग त्याच दिवशी दाखवावं.

चार आठवड्यांनंतरही गाठ तेवढीच राहिली किंवा वाढली तर ती सर्दीच्या खात्यात टाकू नये. आपल्याकडे अशा वेळी आधी क्षयाचा विचार करावा लागतो. जुन्या लोकांची गंडमाळ ती हीच. दोन-तीन गाठी एकमेकींना चिकटून पुंजका होतो, संध्याकाळी बारीक ताप येतो, वजन घटतं. खोकला असेलच असं नाही. लिम्फोमामध्ये गाठी रबरासारख्या लागतात, रात्री कपडे भिजवणारा घाम येतो. चाळिशी ओलांडलेल्या, तंबाखू, मिश्री किंवा गुटख्याची सवय असलेल्या माणसाच्या मानेत दगडासारखी टणक, जागची न हलणारी गाठ आली तर तोंड आणि घसा तपासून घ्यायलाच हवा. मूळ आजार बहुधा तिथे असतो.

निदानासाठी सोनोग्राफी आणि बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून केलेली तपासणी एवढ्यावर बरंच काही कळतं. ‘सुई टोचली की कॅन्सर पसरतो’ ही भीती इतकी खोल बसली आहे की त्यापायी लोक मोलाचे महिने घालवतात. मानेच्या गाठीत बारीक सुई घातल्याने आजार पसरत नाही. उलट कारण न शोधता दिलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी लिम्फोमाची गाठ काही काळ विरघळते आणि निदान लांबतं. गाठ क्षयाची निघाली तर सरकारी केंद्रात औषधं मोफत मिळतात आणि ती पूर्ण घेतली तर आजार बरा होतो.

एका जागेसाठी मात्र चार आठवडे थांबण्याचा नियम नाही. गळ्याच्या हाडाच्या वरच्या खळग्यात लागणारी गाठ छाती किंवा पोटातल्या आजाराची असू शकते. ती लहान असो, दुखरी असो वा नसो, सर्दी झालेली असो वा नसो, त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.