अवतरणाच्या आधीचे वाक्य

वादविवाद स्पर्धेच्या परीक्षकांना हा अनुभव नवा नाही. ‘सन्माननीय व्यासपीठ’ म्हणून होते न होते तोच एका थोर माणसाचे वाक्य येते, त्यामागून दुसरे, मग तिसरे. मिनिट उलटते, तरी स्पर्धकाचे स्वतःचे म्हणणे काय, हे कळलेले नसते.

त्यापेक्षा एकच वाक्य घेतलेले बरे. मात्र एकट्या वाक्यावर सगळा भार पडतो. ते कुठून उचलले आणि तिथे त्याच्या शेजारी काय होते, हे माहीत नसेल तर ते बोलणाऱ्याच्याच अंगावर उलटते.

‘लोकशाहीत कायदेभंगाचे आंदोलन समर्थनीय नाही’ असा विषय आहे, असे धरू. अनुकूल बाजूच्या विद्यार्थ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘अराजकाचे व्याकरण’ हे शब्द हमखास आठवतात. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी, संविधान स्वीकारले जाण्याच्या आदल्या दिवशी, त्यांनी संविधान सभेत ते उच्चारले. कायदेभंग, असहकार आणि सत्याग्रह हे मार्ग आता सोडून दिले पाहिजेत, असे त्यांनी नाव घेऊन सांगितले होते. विषयाला याहून जवळचे वाक्य सापडणे कठीण.

बहुतेक जण इथेच थांबतात. ‘डॉ. आंबेडकर म्हणतात, हे अराजकाचे व्याकरण आहे’ एवढे ठणकावून थेट पहिल्या मुद्द्यावर उडी मारतात. प्रतिकूल बाजूला एवढे पुरते. कारण त्याच भाषणात, या शब्दांच्या अगदी आधी, बाबासाहेबांनी एक अट घातली आहे. घटनात्मक मार्ग उपलब्धच नव्हते तेव्हा घटनाबाह्य मार्गांचे बरेचसे समर्थन करता येत होते. ते मार्ग खुले असताना मात्र करता येत नाही, असे ते म्हणाले. ‘माझ्या मित्राने अर्धे वाक्य वाचले, उरलेले मी वाचतो,’ असे प्रतिस्पर्ध्याने म्हटले की सभागृह त्याचे झाले.

उपाय सोपा आहे. ती अट आपणच आधी सांगून टाकायची. मग सुरुवात काहीशी अशी होईल:

‘२५ नोव्हेंबर १९४९. संविधान सभेत डॉ. आंबेडकर एका पद्धतीला अराजकाचे व्याकरण म्हणाले. ती पद्धत होती कायदेभंगाची. काळाराम मंदिरासाठी सत्याग्रह उभारणारा नेता असे का म्हणाला? कारण आता घटनात्मक मार्ग खुले झाले होते. ते आजही खुले आहेत, एवढेच मला सिद्ध करायचे आहे.’

पाच मिनिटांच्या भाषणात याला साधारण अर्धे मिनिट लागते. प्रत्यक्ष अवतरण दोनच शब्दांचे आहे. उरलेला वेळ ते कधी आणि कोणत्या अटीवर उच्चारले गेले, आणि त्यावरून स्पर्धकाने कोणती जबाबदारी उचलली, हे सांगण्यात जातो. काळारामचा उल्लेखही मुद्दाम केला आहे. १९३० च्या त्या सत्याग्रहाची आठवण प्रतिपक्ष करून देणारच. ती आपण आधी काढली की तिची धार जाते.

इथे महाडचे नाव घेण्याचा मोह होतो, पण दोन्ही बाजूंनी जपून राहावे. चवदार तळ्याचे पाणी घेणे हा कायदेभंग नव्हता. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा बोले ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्येच संमत केला होता. डिसेंबर १९२७ मध्ये न्यायालयाचा मनाई हुकूम आला, तेव्हा बाबासाहेबांनी तळ्यावरचा सत्याग्रह पुढे ढकलला. तेव्हा महाडला कायदेभंगाचे उदाहरण म्हणून उभे करणारा प्रतिकूल वक्ता चांगलाच अडचणीत येऊ शकतो.

आणखी एक बारकावा. मूळ भाषण इंग्रजीत आहे, त्यामुळे मराठीत येते ते भाषांतर. लांब वाक्य घ्यायचेच असेल तर ‘अशा आशयाचे’ म्हणावे. मूळ शब्द संविधान सभेच्या इतिवृत्ताच्या अकराव्या खंडात आहेत. सुविचारांच्या वहीवर विसंबून राहू नये. अशा वह्यांतले वाक्य कधीकधी त्या माणसाचे नसतेच. तुमचे मत मला मान्य नसले तरी ते मांडण्याच्या तुमच्या हक्कासाठी मी लढेन, या आशयाचे प्रसिद्ध वाक्य व्हॉल्टेअरच्या नावावर खपते. प्रत्यक्षात ते एव्हलिन बिअट्रिस हॉल या लेखिकेने १९०६ च्या पुस्तकात त्याची वृत्ती सांगताना लिहिले.

निबंधात उलटतपासणी करणारा समोर बसलेला नसतो, म्हणून तिथे हीच सुरुवात थोडी सैल सोडता येते. अट पहिल्याच परिच्छेदात न सांगता ‘ते असे का म्हणाले?’ या प्रश्नावर तो संपवावा आणि उत्तर दुसऱ्या परिच्छेदात द्यावे. प्रश्न मात्र विषयाच्या शब्दांतच हवा; नाहीतर दुसरा परिच्छेद बाबासाहेबांच्या चरित्राकडे वळतो आणि कायदेभंग बाजूलाच राहतो.