आपत्तीकारक आरोग्यखर्च

आपत्तीकारक आरोग्यखर्च म्हणजे कुटुंबाने उपचारांसाठी पदरचा केलेला असा खर्च, की ज्यामुळे त्याला इतर आवश्यक गरजांना कात्री लावावी लागते. खर्चाची रक्कम किती मोठी आहे, यापेक्षा कुटुंबाच्या ऐपतीशी तिचे प्रमाण काय पडते, यावर ही संज्ञा ठरते.

मोजणी

डॉक्टरांचे शुल्क, औषधे, तपासण्या आणि रुग्णालयाचे बिल यांची बेरीज करून त्यातून विम्याची परत मिळालेली रक्कम वजा करतात. भारतातील राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत (जुलै २०१७ ते जून २०१८) रुग्णालयात दाखल होण्याचा खर्च मागील ३६५ दिवसांचा, तर बाह्यरुग्ण उपचारांचा खर्च मागील १५ दिवसांचा विचारला होता. किरकोळ खर्च लोक लवकर विसरतात, म्हणून दुसरा कालावधी लहान ठेवतात. दोन्हींची बेरीज करण्यासाठी पंधरवड्याचा खर्च साधारण २४ पटींनी वाढवून वार्षिक करावा लागतो.

मर्यादेची निवड

शाश्वत विकास ध्येयांच्या ३.८.२ या निर्देशकाच्या मूळ व्याख्येत एकूण कौटुंबिक खर्चाच्या १० व २५ टक्के अशा दोन मर्यादा आहेत. दुसऱ्या पद्धतीत अन्नखर्च वगळून उरलेल्या खर्चाच्या ४० टक्के ही मर्यादा धरतात.

समजा, एका कुटुंबाचा वार्षिक खर्च १,२०,००० रुपये असून त्यातील ७२,००० रुपये अन्नावर जातात. त्याचा आरोग्यखर्च २१,००० रुपये आहे. दुसऱ्या कुटुंबात हेच आकडे अनुक्रमे ६,००,०००, १,८०,००० आणि ७२,००० रुपये आहेत. एकूण खर्चाशी आरोग्यखर्चाचे प्रमाण पहिल्यात १७.५ टक्के, तर दुसऱ्यात १२ टक्के येते. १० टक्क्यांच्या मर्यादेने दोन्ही कुटुंबे आपत्तीग्रस्त ठरतात आणि २५ टक्क्यांच्या मर्यादेने एकही ठरत नाही. अन्नखर्च वगळल्यास मात्र हे प्रमाण सुमारे ४४ आणि १७ टक्के होते व केवळ पहिले कुटुंब मर्यादा ओलांडते. गरिबांच्या खर्चाचा मोठा भाग अन्नावर जातो आणि तो टाळता येत नाही. गरिबांवरील भार शोधणे हा उद्देश असल्यास दुसरी पद्धत निवडण्यामागे हे कारण देता येते. तरीही ४० हा आकडा संकेताने ठरलेला आहे. म्हणून ३० व ५० टक्क्यांनाही निष्कर्ष टिकतो का, हे तपासून दाखवणे इष्ट असते.

मर्यादा

पहिल्या कुटुंबाच्या २१,००० रुपयांपैकी ११,४०० रुपये रुग्णालयाचे आहेत. उरलेले ९,६०० रुपये एका पंधरवड्यातील ४०० रुपयांना २४ ने गुणून आलेले आहेत. तो ताप वर्षातून एकदाच आला असेल, तर खरा खर्च ११,८०० रुपये, म्हणजे अन्नेतर खर्चाच्या सुमारे २५ टक्केच होतो. अशा गुणाकाराने सर्व कुटुंबांची सरासरी फारशी बिघडत नाही, पण मर्यादा ओलांडणाऱ्यांची संख्या फुगू शकते. दाखल रुग्णांचा खर्च स्वतंत्रपणे मोजून पाहिल्यास हा परिणाम लक्षात येतो.

याउलट, पैशांअभावी उपचारच न घेतलेल्या कुटुंबाचा खर्च शून्य नोंदला जातो आणि ते सुरक्षित कुटुंबांत गणले जाते. मर्यादा कोणतीही धरली तरी ही त्रुटी दूर होत नाही. त्यासाठी उपचार टाळल्याचा प्रश्न सर्वेक्षणात वेगळा विचारावा लागतो.